सकाळी की संध्याकाळी

श्रीरामपूरच्या एका मिशन हॉस्पिटलात डोळ्यांच्या शिबिरांची आखणी सिल्व्हियाकडे होती. फोनवर ठरलेली प्रत्येक वेळ ती लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायची आणि समोरच्याकडून उत्तर घ्यायची. हॉस्पिटलातले लोक तिला हसत. नुसत्या बोलण्यावर तिचा विश्वास नव्हता, आणि माणसांवर तर त्याहून कमी.

डिसेंबरात घोडेगावजवळच्या ऊसतोड कामगारांच्या अड्ड्यावर शिबिर घ्यायचं होतं. साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी वैजनाथ याला तिने फोन केला. तो एकीकडे तिच्याशी आणि दुसरीकडे कुणाशी तरी चहाबद्दल बोलत होता. रविवारी साडेसहाला या, सगळे तिथंच असतात, असं त्याने सांगितलं. सकाळी का, असं तिने विचारलं. "हो, हो," म्हणून त्याने फोन ठेवला.

पाचव्या मिनिटाला तिने लिहिलं: 'आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे, रविवार, १४ डिसेंबर, सकाळी साडेसहा वाजता आमचे डॉक्टर आणि गाडी अड्ड्यावर पोहोचतील. यात काही चुकत असेल तर कृपया आजच कळवा.'

उत्तरादाखल वैजनाथने अंगठ्याचं चित्र पाठवलं. मेसेज त्याने उघडला होता, वाचला नव्हता. बायका हिशेब लिहितात तसं हे मिशनवाले लिहीत बसतात, असं तो शेजारच्याला म्हणाला. मजुरांचे अंगठे कागदावर उमटवून घेणारा हा पदवीधर, पण स्वतःचं उत्तरही त्याने अंगठ्यावरच भागवलं. सिल्व्हियाला ते खटकलं, तरी तिने पुढे काही विचारलं नाही.

रविवारी गाडी पोहोचली तेव्हा कोप्यांमध्ये, पाचटाच्या त्या झोपड्यांत, म्हातारी माणसं, तान्ही मुलं आणि कुत्री होती. टोळ्या पहाटेच उसाच्या फडावर तोडीला गेल्या होत्या. ऊसतोड चालू असताना अड्डा भरतो तो संध्याकाळी. हे शेतकी अधिकाऱ्याला ठाऊक नसेल, असं कोण म्हणेल?

डॉक्टरांनी वैजनाथला बोलावून घेतलं. तो मफलर सारखा करत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मी संध्याकाळी म्हणालो होतो. मॅडमनी ऐकण्यात चूक केली."

सिल्व्हियाने मोबाईल पुढे केला. "हे मी तुम्हाला लिहिलं होतं. तुमच्या मोबाईलमध्येही आहे. उघडा."

"असले मेसेज कोण वाचतं?"

"चूक तेव्हाच कळावी म्हणून पाठवतात ते, साहेब. शोभेसाठी नाही."

वैजनाथने मोबाईल खिशातून काढलासुद्धा नाही. डॉक्टरांना दुपारी शस्त्रक्रिया होत्या, संध्याकाळी पुन्हा येणं जमणार नव्हतं. गाडी परत गेली.

रात्री टोळीचा मुकादम कारभारी याचा सिल्व्हियाला फोन आला. साहेबांनी त्याला संध्याकाळचीच वेळ सांगितली होती, गाडी पुन्हा येणार नाही हे कळवलंच नव्हतं. फडावरून आल्यावर बाया तोंडं धुऊन बसल्या होत्या. झुंबरबाईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. कोयता डाव्या डोळ्याच्या भरवशावर चालवायची. ती लुगडं बदलून सगळ्यात पुढं बसली होती, दिवे लागेपर्यंत.

सिल्व्हियाला वैजनाथचा राग येत नव्हता. राग यायलाही माणसात काही असावं लागतं. स्वतःवर मात्र ती चिडली होती. अंगठ्याला आपण उत्तर मानलंच कसं?

तिने कारभारीशीच नवी वेळ ठरवली आणि म्हणाली, "कारभारीदादा, आता तुम्हीच मला लिहून पाठवा. दिवस, वेळ, सकाळ का संध्याकाळ, सगळं."

"मला नीट लिवता येत न्हाई, ताई."

"कसंही लिहा. मी वाचते."

अर्ध्या तासाने मेसेज आला: 'बुधवार संध्याकाळी सात अड्डा. म्या समद्यास्नी सांगतो.' तिने खाली लिहिलं: 'बरोबर. बुधवार, १७ डिसेंबर, संध्याकाळी सात. आम्ही येतो.' मग डॉक्टरांना आणि ड्रायव्हरला तेच पाठवलं.

बुधवारी शिबिर झालं. टॉर्चच्या उजेडात डोळे तपासले गेले, झुंबरबाईला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. ती डॉक्टरांच्या दोनदा पाया पडली. वैजनाथ साडेआठला उगवला. डॉक्टरांच्या शेजारी उभा राहून त्याने फोटो काढवून घेतला आणि जाता जाता सिल्व्हियाला म्हणाला, "बघा, शेवटी जमलंच की. उगाच लिखापढी."

सिल्व्हियाने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या कार्यालयातून हॉस्पिटलला आभाराचं पत्र आलं. पहिल्या खेपेला हॉस्पिटलची गाडी चुकीच्या वेळी आल्याने मजुरांची गैरसोय झाली, असं त्यात एक वाक्य होतं. खाली वैजनाथची सही होती. सिल्व्हियाने उत्तरात एकही कडक शब्द घातला नाही. स्वतःचा मेसेज आणि त्याखालचा अंगठा, तारीख-वेळेसकट, छापून सोबत जोडला आणि पत्र वैजनाथच्या वरच्या साहेबाच्या नावे धाडलं.

जानेवारीत दुसऱ्या अड्ड्यावरच्या शिबिरासाठी वैजनाथचा फोन आला. आवाज गोड होता. बोलणं झाल्यावर तिने नेहमीप्रमाणे लिहिलं. उत्तर आलं: 'ओके.'

तिने पुन्हा लिहिलं: 'ओके नको. वेळ तुमच्या शब्दांत लिहा.'

बऱ्याच वेळाने त्याने लिहिलं: 'शनिवार, संध्याकाळी सात.'

'तारीख?' तिने विचारलं.