यादीत नसलेली व्हायल

प्रयोगशाळेत त्यांना सगळे बाई म्हणत. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, जंतूंची तपासणी होते त्या विभागाच्या त्या प्रमुख. सव्वीस वर्षं त्याच खोल्यांत गेली होती. दरवर्षी नवी मुलं शिकायला आली की बाई त्यांना एक पत्र देत. नियमांची छापील पुस्तिका होतीच, पण ती कुणी वाचत नाही हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

पत्र लिहायला त्यांना ताईनं शिकवलं होतं. ताई त्यांची मोठी बहीण, आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा वेणी घालण्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत सगळं ताईनंच केलं. "समोर बसवून बोलतेयस असं लिही," ती म्हणायची. "तोंडातून निघणार नाही ते वाक्य कागदावर कशाला?" ताईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तरी पत्र लिहायला घेतलं की बाई अजून मनातल्या मनात एक वाक्य ताईला वाचून दाखवायच्या, आणि उत्तर येत नाही म्हणून क्षणभर थांबायच्या.

या वेळचं पत्र त्यांनी सोमवारी सकाळी पुरं केलं.

"नव्या मुलामुलींनो," त्यात लिहिलं होतं, "पहिली गोष्ट. जंतू वाढवलेली प्लेट नाकाशी नेऊन वास घेऊ नका. आमच्या वेळी सर्रास घ्यायचे, आणि वासावरून जंतू ओळखला की कॉलर ताठ करून फिरायचे. आम्ही वाचलो ते नशिबानं, हुशारीनं नव्हे. कल्चर, म्हणजे वाढवलेले जंतू, सांडलं तर पळू नका आणि लपवूही नका. आजूबाजूच्यांना सांगा, टिपकागद पसरा, जंतुनाशक कडेकडून आत असं ओता आणि अर्धा तास त्याला हात लावू नका. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं जंतू मारायच्या यंत्रात, पिशवी ठेवताना तोंड सैल ठेवा, गच्च बांधलेल्या पिशवीत वाफ शिरत नाही. ब्लीच घातलेलं काहीही आत जाऊ देऊ नका. पिशवीवरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या म्हणून जंतू मेले असं धरून चालू नका. आत गरम झालं होतं, एवढंच ती पट्टी सांगते. खात्री बीजाणूंच्या, म्हणजे सगळ्यात चिवट जंतुबीजांच्या, चाचणीनं होते, ती दर आठवड्याला करायची. टाकाऊ पिशवीत जे गेलं ते गेलं. त्यात पुन्हा कुणाचा हात जाणार नाही. अंगठी पडली तरी नाही, माझा रिपोर्ट पडला तरी नाही."

शेवटच्या परिच्छेदाशी मात्र त्यांचं पेन अडलं होतं. फ्रीझरमध्ये छोट्या कुप्यांत, म्हणजे व्हायलींत, गोठवून ठेवलेल्या जंतूंच्या साठ्याविषयी लिहायचं होतं. "यादीत नाही ती व्हायल आपली नाही," असं त्यांनी लिहिलं. "ती कुणाची, कशातली, असे अंदाज बांधत बसू नका. टाकाऊत घाला, वहीत नोंद करा, सही करा."

हे लिहिताना त्यांना फ्रीझरमधला खालचा खण डोळ्यांसमोर दिसत होता. तिथे एका डब्याच्या कोपऱ्यात यादीत नसलेली एक व्हायल होती, आणि ती बाईंनीच ठेवलेली होती. या आठवड्यात तिची रीतसर नोंद करून टाकू, असं स्वतःशी म्हणून त्यांनी पत्राखाली सही केली. हे त्या अकरा वर्षं म्हणत आल्या होत्या.

गुरुवारी दुपारी मुख्य इमारतीत बैठक होती. बाई तिकडे गेल्या आणि इकडे फ्रीझरनं दगा दिला. उणे ऐंशीचा आकडा उणे चाळिसावर आला, भोंगा वाजायला लागला. विभागातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, अण्णा, यांनी नव्या तिघांना कामाला लावलं. जाड हातमोजे चढवा, डबे काढा, यादीशी ताडून बघा, शेजारच्या फ्रीझरमध्ये हलवा. तिथे जागा मोजकीच होती. तिघांतली चष्मेवाली यादी वाचत होती. खालच्या खणातल्या डब्यापाशी ती थांबली.

"अण्णा, हिच्यावर नुसता आकडा आहे. यादीत नाही."

"पत्रात काय लिहिलंय?"

"टाकाऊत घाला, नोंद करा, सही करा."

"मग मला काय विचारतेस? बाईंनी लिहिलंय ना?"

बाई परतल्या तेव्हा भोंगा थांबला होता आणि सगळ्यांचे चेहरे कामगिरी फत्ते केल्यासारखे फुलले होते. अण्णांनी हकीकत सांगितली. बाईंनी शाबासकी दिली, वही उघडली आणि शेवटच्या ओळीवर त्यांची नजर खिळली. तारीख, वेळ, आकडा. पुढे, 'यादीत नाही, टाकाऊत', आणि चष्मेवालीची नीटस सही.

"ही पिशवी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली, बाई. आता चालूच करणार होते," चष्मेवाली म्हणाली.

बाई जवळजवळ धावतच त्या खोलीत गेल्या. ऑटोक्लेव्हचं दार उघडं होतं. पिशवी आत ताटलीत बसली होती, तोंड सैल ठेवलेली, अगदी सांगितल्याप्रमाणे. वरच्या प्लेटांच्या फटीतून व्हायलचं निळं झाकण दिसत होतं. हात घातला असता तर दोन सेकंदांचं काम होतं. हातमोजेही शेजारीच पडले होते. बाईंचा हात पुढे झाला.

अकरा वर्षांपूर्वी ताई याच इस्पितळात होती, थंडी वाजून ताप येत होता म्हणून. तिच्या रक्ताची बाटली इथेच आली. बाटलीत जंतू वाढल्याची खूण यंत्रानं दिली तेव्हा कामाची पाळी बाईंची होती. त्यांनी काच रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली, आणि गुलाबी दांड्यांसारख्या जंतूंनी भरलेलं ते वर्तुळ डॉक्टरांच्याही आधी त्यांनी पाहिलं. लगेच वॉर्डात फोन केला. दुसऱ्या दिवशी औषधांच्या चकत्या लावलेली प्लेट वाचली. चकतीभोवती स्वच्छ कडं दिसलं तर औषध चालतं. त्या प्लेटवर एकाही चकतीभोवती कडं नव्हतं. बाईंनी मोजपट्टी दोनदा लावून पाहिली, जणू मोजताना आपलंच चुकत असावं. तिसऱ्या दिवशी ताई गेली.

प्लेट टाकायची वेळ आली तेव्हा त्यांच्यानं टाकवेना. थोडं कल्चर त्यांनी व्हायलमध्ये उतरवलं आणि गोठवून ठेवलं. तेव्हा मनात राग होता, या जंतूवर एखादं नवं औषध निघेल तेव्हा आपल्या हातानं लावून बघू, असं. पुढे राग ओसरला. उरलं ते एवढंच, की हे ताईच्या रक्तातून आलेलं आहे. तिच्या साड्या वाटून झाल्या, घर विकलं गेलं, तिच्या अंगाची ऊब लागलेलं दुसरं काहीच कुठे राहिलं नव्हतं. जिनं तिला नेलं तीच गोष्ट आपण जपतोय हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. पण फ्रीझरसमोरून जाताना त्यांची पावलं हळू व्हायची ती व्हायचीच.

"बाई," दारातून चष्मेवाली म्हणाली, "माझं काही चुकलं का?"

बाईंनी हात मागे घेतला. "नाही," त्या म्हणाल्या. "तू अगदी बरोबर केलंस. दार लाव."

दार बंद झालं. कळ मात्र बाईंनी स्वतः दाबली. आकडा चढायला लागला. साठ, ऐंशी, शंभर. एकशे एकवीसवर पोचल्यावर तिथून पुढे पंचेचाळीस मिनिटं. एरवी कुणी तिथे थांबत नाही. बाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. चष्मेवाली जायचं की राहायचं या विचारात घुटमळत राहिली.

"बस," बाई म्हणाल्या. "ती व्हायल माझी होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी मुलीचे डोळे भरून आले. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर मी खोटं बोलले असते. म्हणाले असते, राहू दे, महत्त्वाची आहे." बाईंनी यंत्राच्या आकड्याकडे पाहिलं. "उद्या कुणाच्या हातून ती फुटली असती तर त्याला कळलंही नसतं की आपल्या हातावर काय सांडलंय. तुझ्याही हातून फुटली असती आजच."

बाईंच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती त्या बोलल्या नाहीत. ताईची मुलगी, त्यांची एकुलती एक भाची. दहाव्या दिवशी तिनं विचारलं होतं, "मावशी, तुला आमच्या आधी कळलं होतं ना?" बाईंना उत्तर देता आलं नव्हतं. त्यानंतर वर्षाकाठी दोन-तीन वाक्यांचे निरोप, बस्स. भाचीला तोंड दाखवण्यापेक्षा फ्रीझरपाशी उभं राहणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टरांना लेखी कळवलं, की यादीबाहेरची व्हायल अकरा वर्षं त्यांनीच ठेवली होती. डॉक्टर चांगलेच संतापले. "तुम्हीच असं केलंत तर मी कुणाला बोलू?" बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. महिनाभर फ्रीझरच्या किल्ल्या अण्णांकडे गेल्या आणि सगळा साठा नव्यानं ताडायचा हुकूम निघाला. पत्रातही बाईंनी एक ओळ घातली, "हा नियम मीच मोडला होता, म्हणून तो मोडणं किती सोपं आहे ते मला माहीत आहे." मुलांनी ती ओळ वाचली आणि बाईंकडे पाहिलं.

रविवारी सकाळी बाईंनी भाचीला फोन लावला. दोनदा अर्ध्यावर ठेवला. तिसऱ्यांदा वाजू दिला.

"मावशी? सगळं ठीक आहे ना?" भाची घाबरूनच म्हणाली.

"ठीक आहे. तू मला एकदा एक विचारलं होतंस. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं." बाईंनी श्वास घेतला. "हो. एकही औषध लागू पडणार नाही हे मला आधी कळलं होतं. एक दिवस आधी. तुला सांगायची हिंमत झाली नाही गं."

भाची म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं. राग त्याचा नव्हता, मावशी. तू यायची बंद झालीस त्याचा होता. आई गेली आणि तिच्यासारखी बोलणारी दुसरी तूच होतीस, तीही गेलीस."

भाचीनंच विषय बदलला. नळ गळतोय, धाकटीचा दात पडलाय, मुलांना मावशीआजीचे फोटोच माहीत आहेत. अर्धा तास ती बोलत होती आणि बाई कान देऊन ऐकत होत्या. मधेच ती हसली, वाक्य अर्धंच सोडून, अगदी ताईसारखी, आणि बाईंनी डोळे मिटून घेतले.

"शनिवारी येऊ का?" त्यांनी विचारलं.

"विचारतेस काय? ये. राहायलाच ये."

फोन ठेवल्यावर बाई खिडकीशी बसून राहिल्या. शनिवारला अजून सहा दिवस होते, आणि ते त्यांना फार लांब वाटत होते.