रामसिंग काकांची पावती

माझा स्वभाव तसा तापट. तोंड वाजवायला लागले तर समोरच्याची खैर नाही, असं आमच्या तांड्यात सगळ्यांना माहीत. पण हिंगोलीच्या त्या बियाणं कंपनीत मी प्रशिक्षणाचे तीन महिने आणि पुढेही कित्येक महिने मूग गिळून बसले. प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय कृषी पदविका हातात पडणार नव्हती, आणि त्यावर सही करणार होते तिथले साहेब, विश्वंभर सर. प्रवासखर्चाच्या कागदावरही त्यांचीच सही.

२००६ सालची गोष्ट. मानधन महिना हजार, तेवढं वेळेवर मिळायचं आणि खोलीभाडं-मेसमध्ये संपायचं. शेतकऱ्यांच्या रानातल्या, गावोगावच्या बियाण्याच्या प्लॉटवर जायचा खर्च वेगळा मिळेल असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी साखरा गावाकडचे प्लॉट बघायचे. एकतीस दिवस, जाऊन येऊन चाळीस रुपये, म्हणजे बाराशे चाळीस. जवळ दमडी नव्हती. आमच्या तांड्याचे रामसिंग काका त्या रस्त्यावर जीप चालवायचे. ते म्हणाले, "बस पोरी. कंपनीचे आले की दे."

ऑगस्ट संपला तरी पैशांचा पत्ता नाही. मी अर्ज लिहिला. तारखा, गावं, भाडं, शेतकऱ्यांच्या सह्या असलेली भेटवही, सगळं जोडलं. खाली लिहिलं, "आपल्या सोयीनुसार कधीपर्यंत मिळेल एवढं कळवावं, ही नम्र विनंती." 'आपल्या सोयीनुसार' लिहिताना रागानं पेनाचं टोक कागदात रुतलं.

सरांनी वाचलं. "अर्ज चांगलाय. तिकिटं कुठेत?"

"सर, जीपवाले तिकीट देत नाहीत."

"मग जीपवाल्याची पावती आण. तारखा, रक्कम, आणि 'मिळाले' म्हणून सही. औरंगाबादचं ऑफिस त्याशिवाय पास करत नाही. खर्च झाला तरच भरपाई."

माझ्याबरोबरची शीला एसटी स्टँडवर पडलेली तिकिटं वेचून जोडायची. मला म्हणाली, "तू बी वेच." मला ते जमलं नाही. मला वाटलं, मी खरी आहे, मी खरीच पावती आणीन.

त्याच रस्त्यावरच्या सेनगावच्या स्टँडवर काका बोनटला टेकून उभे होते. टायर घासून गुळगुळीत झालेले. दिवाळीच्या आधी दोन बदलायचेत, असं ते आठवडाभर म्हणत होते. मी कागद पुढे केला. काका दुसरीपर्यंत शिकलेले, बोट ठेवून वाचत गेले. शेवटच्या शब्दावर थांबले.

"मिळाले?"

"तसंच लिहावं लागतंय काका. त्याबिगर ते देईनात."

"पण तू दिलेच न्हाईत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांचा शब्द म्हणजे आमच्याकडे दगडावरची रेघ. बांधाचं भांडण असो की सोयरीक मोडायची असो, रामसिंग काय म्हणतो ते विचारायचे. पैसे हाती आले की त्याच दिवशी आणून देते, असं मी म्हणाले. त्यांनी कागद बोनटवर ठेवला. मग सही केली आणि माझ्याकडे न बघता जीपमध्ये जाऊन बसले.

कागद औरंगाबादला गेला. सप्टेंबरात विचारलं, ऑक्टोबरात विचारलं. दर वेळी "सर, तसदीबद्दल माफ करा" आधी, मग विचारणा. सर म्हणायचे, "वरून येऊन राहिलंय." दिवाळी गेली. एका संध्याकाळी काकांचं पुढचं टायर फुटलं. कुणाला लागलं नाही, पण त्यानंतर जीप तांड्यावर विटांवर उभी राहिली आणि काका दुसऱ्याच्या रानात कामाला जायला लागले.

जानेवारीत पैसे आले. व्हाउचरवर सही करून मी बाराशे चाळीस रुपये घेतले. त्याच दिवशी सरांनी प्रमाणपत्रही दिलं. मी तडक तांड्यावर गेले. काका अंगणात बाजेवर बसले होते. मी पैसे पुढे केले.

"हे कायचे?"

"तुमचे. भाड्याचे."

"ते तर मिळाले मला."

"काका, मस्करी नका करू."

"मस्करी न्हाई पोरी. मी लिहून दिलंय. सही हाय माझी. दोनदा कसे घेऊ?"

मी चिडले, रडले, वाट्टेल ते बोलले. टायरला लागतील, काकूला काय सांगाल, हेही बोलले. "आता घेतले तर ती सही खोटी पडते," एवढंच काका म्हणाले. आणि मला कळलं, ते मला शिक्षा करत नव्हते. चार महिने ते याचीच वाट बघत होते, पैसे नाकारून एकदा लिहिलेलं खरं करायची.

माझ्या हातातल्या दुसऱ्या कागदाकडे त्यांनी बोट केलं. "त्याच्यात काय लिहिलंय?"

मी वाचलं. प्रशिक्षण समाधानकारक. वागणूक नम्र. मग अडखळले.

"वाच की."

"प्रामाणिक," मी म्हणाले.

"बराबर हाय," काका म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला त्यांनी काकूला हाक मारली.