तिसऱ्या दाराची जमीन

मी नाचघराची लाकडी जमीन बोलतेय. दचकू नका, उभं आयुष्य पायांखाली गेलं, आता जाता जाता थोडं बोलते. उद्या सकाळी सुतार पहारी घेऊन हे नाचघर मोडायला येणार आहे.

माझा जन्म रेल्वेच्या कारखान्यातला. मोडीत निघालेल्या डब्यांच्या सागवानी फळ्या इंजिन ड्रायव्हर, फिटर आणि तारमास्तर यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः ठोकल्या. हातोडी चुकून अंगठ्यावर बसली की परक्या भाषेत शिवी द्यायचे आणि लगेच आपल्या बोलीत ‘आई गं’ म्हणायचे. दोन्ही भाषा त्यांच्याच होत्या.

त्यांचे बाप-आजे समुद्रापलीकडून राज्य करायला आलेले, आया-आज्या इथल्याच. सुरुवातीला अशा लग्नांना साहेबांची ना नव्हती. पुढे मुलं मोठी झाली, अधिकाराच्या जागा मागू लागली, तेव्हा साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. वरच्या जागा बंद झाल्या आणि टेकडीवरच्या क्लबाचं दारही. आईच्या माहेरी जावं तर तिथे पंगतीत पान मांडत नसत. ना घरचा ना घाटाचा, अशी गत. मग साहेबांनी मधल्या जागा देऊ केल्या. इंजिन, तारघर, जकात, इस्पितळ. नोकरी एक, म्हणून चाळ एक. चाळ एक, म्हणून शाळा एक, प्रार्थना एक, आणि सोयरीकही शेजारच्याच खोलीत. अशी जमात तयार झाली. दोन दारं बंद होती, म्हणून त्यांनी तिसरं बांधलं. त्या दारातली जमीन मी.

नाचाच्या दिवशी दुपारी ड्रायव्हरची म्हातारी आई मला मेण चोळायला यायची. अनवाणी, लुगडं खोचून. गुणगुणायची ती तिच्या माहेरची गाणी. संध्याकाळी बूट वाजायला लागले की ती मागच्या दाराने घरी जायची. भिंतीवर तसबीर तिच्या नवऱ्याची होती. तिची नव्हती. मला तेव्हाही वाईट वाटायचं.

तिचा नातू मोठा होऊन रेल्वेत गार्ड झाला आणि या नाचघराचा चिटणीसही. साहेबांची कचेरी मधल्या जागा देताना जमातीचा दाखला मागायची आणि तो नाचघराच्या सभासदांच्या वहीवरून मिळायचा. वहीत भलतीच नावं शिरली तर सगळ्यांच्या पोटावर पाय येईल, असं त्याला वाटलं. त्याने सुबक अक्षरात नियम लिहिला: वंश बापाकडून धरावा, आणि जमातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलीचं नाव कमी करावं.

पुढे साहेब गेले आणि राखीव जागाही गेल्या. अर्धी चाळ बोटीत बसून परदेशी गेली. नियम मात्र वहीत ठाण मांडून बसला. गार्डच्या मुलीने गावातल्या कंपाउंडरशी लग्न केलं, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने तिचं नाव खोडलं. त्या रात्री तो एकटाच माझ्यावर येरझाऱ्या घालत होता. मला त्याचा राग आला होता, आणि कीवही.

आज शेवटचा नाच होता. जेमतेम सोळा माणसं. तेवढ्यात दारातून एक तरुण मुलगी आत आली, चपला बाहेर काढून. तिची पावलं पडली आणि मी शहारले. मेण चोळणाऱ्या म्हातारीचाच भार, तीच टाच.

“आजोबा, आई बाहेर उभी आहे,” ती म्हणाली. “तिला एकदा इथे नाचायचंय. येऊ दे?”

गार्डने वही छातीशी धरली. “नियम आहे बाळा. बाहेर लग्न केलेल्यांना...”

“तुमच्या आजीचं नाव आहे यात?”

शेजारची निवृत्त परिचारिका हळूच म्हणाली, “दादा, तिनेही बाहेरच लग्न केलं होतं हो. आपण सगळे तसल्याच लग्नांतले.”

“ती मेण लावायची,” गार्ड पुटपुटला. “आम्ही पोरं घसरगुंडी करायचो आणि ती हसायची. एकदाही तिला नाच म्हटलं नाही मी.”

त्याने वही खुर्चीवर ठेवली. वाकून, धापा टाकत बुटांच्या नाड्या सोडल्या. मोजेही काढले. मग दारापर्यंत अनवाणी गेला.

“ये,” तो म्हणाला. “बूट काढून ये. जमीन माझ्या आजीने घासलेली आहे.”

वीस वर्षांनी त्याच्या लेकीची पावलं माझ्यावर आली. बापलेक फार काही नाचले नाहीत, नुसतेच डुलले. ताल कधीच चुकला होता. परिचारिकेने चपला काढल्या, मग तारमास्तरच्या मुलानेही. सोळाच्या सोळा माणसं अनवाणी झाली आणि मला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांच्यातला एकही पाय वेगळा ओळखता येईना.

सुतारदादा, उद्या फळ्या उचकटाल, खुशाल उचकटा. कुणाच्या घराला दार म्हणून लावाल तेव्हा एवढं करा, त्या दाराला आतून कडी लावू नका.