गुणाबाईचं पीठ

अण्णा माणसांची मनातल्या मनात खतावणी ठेवत, आणि प्रत्येकाच्या नावावर थोडा तरी संशय शिल्लक राहायचाच. टेमघरच्या घरात मागच्या खोलीत राहणारी भाडेकरू गुणाबाई हे त्यातलं सगळ्यात भरलेलं पान. बाई मूळची शेलार गावची, गोदामातल्या हमालांना भाकरीचे डबे देणारी. घरात उंदीर दिसायला लागले तसा अण्णांनी निकालच लावला. "पीठ तिथे उंदीर. रविवारपर्यंत खोली रिकामी करा."

"माजं पीठ पत्र्याच्या डब्यात हाय, अण्णा. उंदीर झाकन उघडतो व्हय?"

पण संडासाच्या भांड्यातूनच एक उंदीर डोकं वर काढताना सापडला, तेव्हा अण्णांना नवशा प्लंबरला बोलवावं लागलं.

"पाइपातून चढतो, भांड्यातल्या पान्यात बुडी मारतो नि वर येतो," नवशा म्हणाला. त्याने बाहेरच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये संडासाच्या पाइपाच्या तोंडाला झडप बसवली. घाण बाहेर जाताना ती उघडते, मग आपोआप मिटते.

"उंदीर तूच तर सोडत नाहीस ना? धंदा चांगला चाललाय."

"व्हय, पिशवीतून आनतो. तुमच्या घरी जास्त सोडतो."

दोन दिवसांनी उंदीर पुन्हा पॅसेजमध्ये. अण्णांना जवळजवळ आनंदच झाला. "बघा! संडासाची वाट बंद केली तरी आले. पीठच ते!"

शनिवारी झोपायच्या आधी गुणाबाईने पॅसेजभर पीठ भुरभुरलं. सकाळी अण्णांना आणि नवशाला बोलावून तिथे उभं केलं. पिठात बारीक पावलं उमटली होती. ती तिच्या दाराकडे चालली होती, पण निघाली होती अण्णांच्या मोरीच्या दाराखालून.

नवशाने मोरीतली सुटी जाळी उचलली. जाळीखाली पाइपाच्या तोंडावर पालथी बसणारी वाटी असते, तीच गायब. "वाटी न्हाय, म्हनून पाइपाचं तोंड उघडं. भायेरच्या सांडपान्याच्या खड्ड्याचं झाकनपन फुटलंय. उंदराला सरळ रस्ता. वाटी कुनी काढली?"

अण्णांची नजर खिडकीकडे गेली. तिथे त्याच वाटीत त्यांचा दाढीचा ब्रश उभा होता. "पाणी तुंबायचं," ते पुटपुटले.

नवशाने ब्रश त्यांच्या हातात दिला, वाटी धुऊन जागेवर बसवली आणि खड्ड्यावर नवं जाळीचं झाकण ठोकलं.

"राहा तुम्ही, गुणाबाई," अण्णा मोठ्या मनाने म्हणाले.

"ऱ्हाईन. पन रोज सकाळी येऊन तुमची मोरी बघीन. वाटी हाय का न्हाय."

"माझ्यावर भरवसा नाही?"

"न्हाय," ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ती खरोखरच दारात उभी राहिली. अण्णांनी निमूटपणे जाळी उचलून दाखवली.