तुळशीचं बी आणि अक्षता

"शकू, आपली तुळस वंशात चालली पाहिजे. लेकी जातील तिथं तीही जाऊ दे." सासूबाई जाताना असं म्हणाल्या होत्या, आणि शकुंतलाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून "होय" म्हटलं होतं.

लेक स्मृती शिकागोला बाळंत झाली. केलगेरी गावातल्या घरातून निघताना शकुंतलाबाईंनी मंजिऱ्या चोळून बी काढलं, पुडी बांधली आणि देवाच्या डबीत ठेवली.

"विचारलं तर 'काही नाही' म्हण," मुलगा वादिराज म्हणाला. "चिमूटभर बी कुणाला दिसतंय?"

"तुळस चोरून न्यायची? मग ती रुजेल कशी रे?"

शेजारच्या भाग्यलक्ष्मी त्याच विमानात होत्या. शिकागोला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशी तपासणीचं एक छोटं कुत्रं हुंगत आलं आणि त्यांच्याच पिशवीपाशी बसलं.

"अक्का, गप्प बसा हं," त्या कुजबुजल्या. "कढीपत्ता आहे माझ्याकडं. तुम्ही बोललात की मीही अडकेन!"

"मग तूही सांग की गं!"

अधिकाऱ्यानं दोघींना तपासणीच्या टेबलाशी नेलं. "फळं, बी, रोपं, धान्य काही आहे?" भाग्यलक्ष्मींनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या पिशवीतून हिरवा कढीपत्ता निघाला आणि दंडासाठी त्यांना बाजूला बसवलं.

शकुंतलाबाई निवृत्त शिक्षिका, इंग्रजी चांगलं. "तुळशीचं बी आहे. हळद-कुंकू आहे," त्यांनी सांगितलं.

अधिकाऱ्यानं डबी उघडली. आत पिवळे दाणे. "आणि हा तांदूळ?"

"तो तांदूळ नव्हे, अक्ष..." त्या मध्येच थांबल्या. देवाच्या असल्या तरी अक्षता तांदळाच्याच. "चुकलं. तांदूळच आहे. तेही लिहा."

"तुमच्या देशातला तांदूळ प्रवाशांना आणता येत नाही, मूठभरसुद्धा. साठवलेल्या धान्यात एक बारीक किडा लपतो. इथं शिरला तर गोदामंच्या गोदामं खाईल. बियांना तुमच्या सरकारचा रोपांच्या आरोग्याचा दाखला लागतो. तुम्ही आपणहून सांगितलंत, म्हणून दंड नाही. पण हे ठेवून घ्यावं लागेल."

"घ्या. पण ऐका, मी पुन्हा येणार. दाखला घेऊन येणार, आणि हेच बी आणणार."

तो हसला. "या. मीच तपासेन."

"अवश्य. पण चष्मा लावून तपासा हं, दाणा फार बारीक असतो."

स्मृतीनं दारातच विचारलं, "तुळस आणलीस ना गं?"

"आणेन. तुझ्या आज्जीला शब्द दिलाय."

पुढच्या कार्तिकात, स्मृतीकडं पुन्हा जायचं ठरल्यावर, वादिराज म्हणाला, "पोस्टानं पाठव की! कशाला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतेस?"

"सासूबाईंना 'होय' मी म्हटलंय. पोस्टानं नव्हे."

सकाळी तुळशीला पाणी घालून त्यांनी नवं बी पाखडलं. माती-कचरा एक कण ठेवला नाही. वादिराज अजून झोपला होता. शकुंतलाबाईंनी पुडी पदराच्या गाठीला बांधली, दार हळूच ओढून घेतलं आणि दाखल्याच्या कचेरीकडं जाणाऱ्या बसच्या थांब्याकडं चालू लागल्या.