भुऱ्या जामसांवलीला नव्हता

सौंसरच्या तहसिलीत पस्तीस वर्षं लोकांचे खरे-खोटे दाखले तपासणारे प्रकाश आबा रिटायर झाल्यावर एक खोटं बोलले, आणि तेही पाच वर्षांच्या नातीशी.

झालं असं, की बुधवारी शिवानी शाळेत असताना घरचा कुत्रा भुऱ्या मेला. बारा वर्षांचा होता, किडन्या गेल्या होत्या. आबांनी त्याला संत्र्याच्या बगीच्यात पुरलं आणि हातपाय धुऊन ओट्यावर बसले, तोच शिवानी दप्तर फेकून "भुऱ्या कुठी गेला?" म्हणत आली. आपल्या भागात दुखणाईत माणसाला बरं वाटावं म्हणून जामसांवलीला हनुमानाच्या पायाशी नेऊन ठेवतात, तेच त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"जामसांवलीले ठेवलं त्याले. बरा झाला का येते."

पोरीला पटलं. पटणारच, शेजारच्या मालतीकाकू महिनाभर तिथं राहून परत आल्या होत्या की! पण त्या दिवसापासून शिवानी दारातून हलेना. भुऱ्याच्या वाटणीची अर्धी पोळी ती रोज काढून ठेवायची. आणि पूर्वी फोडीवर फोड हाणणारी ही पोरगी संत्र्याला हातही लावेना.

शिवानीची आई सोनाली अंगणवाडीत शिकवायची. ती सासऱ्यांना म्हणाली, "आबा, पोरगी वाट पाहून राहिली. तुम्ही सांगतलं, तं आता खरंही तुम्हीच सांगा. सरळ मेला म्हणा. झोपला म्हणसान तं झोपाले भेईन, देवानं नेला म्हणसान तं देवाले भेईन."

"लहान आहे ना ते," आबा म्हणाले.

"लहान आहे म्हणूनच."

आबांनी मान डोलावली आणि काहीच केलं नाही. तहसिलीतली सवय, फाईल पडून राहिली तर आपोआप मिटेल असं वाटायचं. पण पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी शिवानीनं पोळी कागदात गुंडाळली आणि चपला घालून उभी राहिली. "चला आबा, भुऱ्याले पाहून येऊ." तिला नाही म्हणणं आबांना जन्मात जमलं नव्हतं.

जामसांवलीला शनिवारची ही गर्दी. शिवानीनं प्रसादाच्या दुकानांच्या फळ्यांखाली वाकून पाहिलं, उभ्या ऑटोंखाली पाहिलं. एक भुरकट कुत्रं पाठमोरं बसलेलं दिसताच आबांचं बोट सोडून "भुऱ्या!" करत धावली. कुत्र्यानं तोंड वळवलं. तो भुऱ्या नव्हता. पोरगी तिथंच पोळी धरून उभी राहिली. आपल्या भित्रेपणाची शिक्षा ही एवढीशी पोर भोगते आहे, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं.

ते तिला पारावर घेऊन बसले.

"शिवानी, मी खोटं बोललो. भुऱ्या इथं नाही. तो मेला."

"मंग येईन कधी?"

"नाही येत. मेलं म्हणजे अंग बंद पडते. श्वास नाही, भूक नाही, दुखतही नाही. पुन्हा चालू होत नाही ते."

शिवानीनं पुन्हा त्या भुरकट कुत्र्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "मी त्याले संत्र्याची फोड चारली होती. आईनं नको म्हटलं होतं."

म्हणजे दहा दिवस हे ओझं घेऊन फिरत होती पोरगी! आबांनी तिला जवळ ओढलं. "अवं नाही वं माय! फोडीनं नाही मेला तो. म्हातारा झाला होता, किडन्या बिघडल्या होत्या. डॉक्टरच्या औषधानंही जमलं नाही. तुह्यामुळं नाही."

"खरंच? का आताही खोटं?"

हे मात्र आबांना झोंबलं, आणि झोंबायलाच हवं होतं. "खरंच. पाहिजे तं डॉक्टरले विचारू."

"तुम्ही भी मरसान?"

"कधीतरी मरीन. सगळेच मरतात. पण आता मी धडधाकट आहे, आणि मी नसलो तरी आई-बाबा आहेत तुह्याजवळ."

"मले दाखवा त्याले कुठी ठेवलं ते."

घरी न जाता दोघं बगीच्यात गेले. मातीचा उंचवटा अजून ताजा होता. शिवानीनं बोटानं माती टोचली. "याले थंडी लागत असन ना?"

"नाही. मेल्यावर थंडी लागत नाही."

पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, चार वेळा. आबा कंटाळले नाहीत. मध्येच ती उठून फुलपाखरामागे धावली, हसली, आणि परत येऊन तिनं भोकाड पसरलं. आबांनी "रडू नको" म्हटलं नाही. म्हणणार तरी कसं, त्यांचाच चष्मा ओला झाला होता. बारा वर्षं पहाटे फिरायला सोबत कोण होतं, भुऱ्याच ना!

शिवानीनं हुंदका आवरून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही भी रडून राहिले?"

"हो वं. आठवण येऊन राहिली त्याची."

पोरगी सरकून त्यांच्या मांडीवर बसली, फ्रॉकच्या टोकानं त्यांचे डोळे पुसले आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "रडा मंग. मी आहो इथं."