शेवळाची चिठ्ठी

कात्रपच्या सोसायटीच्या फाटकाशेजारी चंद्री भाजी घेऊन बसते, त्याला आता चौदा वर्षं झाली. बारवीकडच्या डोंगरातली तिची ठाकरवाडी. कधी टाकळा, कधी कंटोली, आणि मोसमाच्या आरंभी वीस-बावीस दिवस शेवळं. शेवळं म्हणजे रानातली जांभळट कोंबांची भाजी. चव अशी की मटण विसरावं, पण खाज अशी की नीट केली नाही तर जीभ आपली वाटत नाही. त्यावर उतारा काकडाचा. काकड म्हणजे आवळ्यासारखं हिरवं, आंबट फळ. वाडीत शेवळं आणि काकडं एकाच टोपलीतून येतात. वेगळी द्यायची रीत नाही.

त्या मंगळवारी कमलेश आला तो गळ्याला मफलर गुंडाळून. उल्हासनगरात वाढलेला माणूस, सोसायटीचा सेक्रेटरी.

"मावशी, ये क्या दिया तुमने? घरात तिघांचे घसे धरलेत! माझ्या बायकोला, उन्नतीला तर रात्रभर पाणी पण गिळवेना."

"काकडं घातली व्हती ना?"

"ते छोटे आवळे? ते तर मी इथेच ठेवले. आंबट आम्हाला चालत नाही."

"मी सांगत व्हते तवा फोन कानाला व्हता तुमच्या."

कमलेश चिडला. "रविवारपर्यंत बघतो. अजून एक कंप्लेंट आली, तर कमिटीला सांगून इथून उठवणार. मग बसा स्टेशनच्या गर्दीत."

तो गेला. चंद्रीने टोपलीवरचं ओलं फडकं उगाच सारखं केलं. स्टेशनजवळ बसायला जागा म्हणजे रोज नवी भांडणं, आणि तिची गिऱ्हाइकं सगळी इथली. तिची चूक एवढीच की ती सगळं तोंडाने सांगायची, आणि सांगणं हवेत जायचं.

मागच्या झेरॉक्सच्या दुकानातून रंजना हे सगळं ऐकत होती. तिनेच तीन वर्षांपूर्वी दुकानांच्या पाट्या दाखवत चंद्रीला अक्षरं शिकवली होती. ती म्हणाली, "मावशी, लिहून लाव. तुला येतंय आता."

चंद्रीने कागद मांडीवर घेतला आणि जे माहीत होतं ते सगळं लिहिलं. शेवळं कुठे उगवतात, सासू कशी करायची, सुरीला तेल का लावायचं, कुणाचा घसा कधी धरला. पान भरलं, मागची बाजूही भरली. रंजनाने ते मोठं करून छापलं आणि टोपलीपुढे उभं केलं.

सकाळभर कुणीही वाचलं नाही. स्कूटर चालूच ठेवून माणसं विचारायची, "कशी दिली?" एक बाई कागदाकडे बघून म्हणाली, "इथे पण मीटिंगची नोटीस?"

चंद्रीला राग येण्याऐवजी नवल वाटलं. एवढं खरं लिहिलं, आणि डोळा त्यावरून घसरतो कसा? दुपारी तिने ओल्या खडूने पुठ्ठ्यावर एकच ओळ लिहिली:

काकडाशिवाय शेवळं विकत नाही.

"एवढंच?" रंजना म्हणाली. "हे तर धमकावल्यासारखं झालं."

"बघूया धमकीनं काय व्हतं ते."

झालं असं की पाय थांबले. स्कूटरवाला इंजिन बंद करून म्हणाला, "का बरं विकत नाही?" माणसाला नाही म्हटलं की तो आधी का म्हणतो, हे चंद्रीला त्या दिवशी कळलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक जुडीबरोबर काकडं गेली. ती मनात म्हणाली, जिंकले.

गुरुवारी समोरच्या इमारतीतली जिज्ञासा आली. नवीन लग्न झालेली, हसरी. "मावशी, काकडं घातली हं मी! अख्खीच्या अख्खी, वरून, कोथिंबिरीसारखी. तरी घसा जरा खरखरतोय."

चंद्रीने फाटकाकडे पाहिलं. "कुणाला सांगितलंस का?"

"छे, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं."

ती गेल्यावर चंद्री पुठ्ठ्याकडे बघत राहिली. ओळीने काकडं घरापर्यंत पोहोचवली, पण पुढे काय करायचं ते तिच्यात नव्हतंच. पाटी दारापर्यंतच येते. चुलीपाशी बाई एकटीच असते, तिथे तिच्यासोबत काय जाईल? वाडीत भात लावताना बाया गातात, ते कुणी लिहून घेत नाही, तरी कुणी विसरत नाही. तिने पालेभाज्यांच्या जुड्या बांधता बांधता तोंडातल्या तोंडात जुळवलं, चारदा मोडलं, मग म्हणून दाखवलं:

पिवळं काढून टाक बाई, बाकी चिर बारीक,
ठेच काकड, रसात शिजव, घसा राहील ठीक.

रंजनाने काउंटरवर बोटांनी ठेका धरला. "अगं, यात तर सगळी रेसिपी क्रमाने आली! आधी पिवळा भाग काढायचा, मग चिरायचं, मग ठेचायचं. बारीक म्हटलं की ठीक आपोआप आठवतं. पण किती काकडं?"

चंद्रीने "ठेच दहा-बारा काकडं, रसात शिजव" असं म्हणून पाहिलं. गाणं लंगडलं, ठेका पाय अडकून पडला. तिने "बी काढ" बसवायचा प्रयत्न केला, तर "शिजव"ला जागा उरेना.

"नाय मावत," ती म्हणाली. "दोन ओळींची टोपली एवढीच. जास्त भरलं की पहिलं खाली पडतं."

"मग उरलेलं कुठे ठेवायचं?"

चंद्रीने तो पहिला, कुणी न वाचलेला कागद शोधून काढला. वाचताना तिचं तिलाच हसू आलं. सासू होती, डोंगर होता, पण मापं पार शेवटच्या ओळींत दडली होती. दोघींनी बसून काटछाट केली. सासू गेली, डोंगर गेला. राहिलं ते असं:

"शेवळं चिरण्याआधी हाताला व सुरीला तेल लावा. आतल्या दांड्याचा पिवळा, दाणेदार भाग काढून फेका. खाज तिथेच जास्त असते. बाकी बारीक चिरा. एका जुडीला दहा-बारा काकडं ठेचा, बिया काढा, गर वाटून रस गाळा. चिरलेली शेवळं तेलात चांगली परता, मग हा रस घालून झाकण ठेवून शिजवा. काकडं वरून घालू नका. आधी थोडं चाखा. जीभ चुरचुरली तर रस वाढवून अजून शिजवा."

"पण हेच पुन्हा कोण वाचणार?" रंजना म्हणाली.

"इथं कुणी नाय वाचणार. इथं वाचायचंच नाय."

चिठ्ठीचे छोटे तुकडे कापून चंद्रीने ते जुडीच्या आतच दोऱ्याने बांधले. दोरा सोडल्याशिवाय शेवळं सुटणार नाहीत, आणि दोरा सुटतो तो ओट्यावरच. पुठ्ठा पुढे राहिला. आणि काकडं पिशवीत टाकताना ती प्रत्येकीला दोन ओळी म्हणायची. पोरी हसायच्या, फाटकातून आत जाताना गुणगुणायच्या.

शनिवारी उन्नती स्वतः आली. घसा अजून बसका. "हे घाबरतात, पण माझी आई अंबरनाथला करायची. मला खायचीच आहेत." तिने जुडी नेली, काकडं मोजून नेली, आणि चंद्री त्या रात्री वाडीत चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत बसली, काही राहिलं तर नाही ना.

रविवारी दहाला कमलेश फाटकातून बाहेर आला. मफलर नव्हता. तो पुठ्ठ्यापाशी थांबला, वाकला आणि ओळ मोठ्याने वाचली. चंद्रीचे हात जुडीवरच थबकले.

"पिवळं काढून टाक बाई..." तो स्वतःशीच म्हणाला, मग ओशाळला. "सकाळपासून तोंडातून जातच नाही हे. मावशी, ती चिठ्ठी अजून एक द्या ना. आमचीवर रस सांडला, आणि उन्नतीची बहीण मागते आहे."

"आणि उठायचं काय?"

कमलेशने पुठ्ठा उचलला. त्याने तो फिरवून फाटकाच्या तोंडाकडे केला, मागे वीट लावली.

"असा ठेवा. आत येणाऱ्याला दिसला पाहिजे. कमिटीत मी बोलतो." मग जरा थांबून, "पण पाटी, गाणं, चिठ्ठी, तिन्हीकडे एकच तर सांगितलंय. तिन्ही कशाला?"

चंद्रीने जुडी पुढे केली. "तुम्ही आज इथं कशानं थांबलात?"

"पाटीने."

"घरात काय गुणगुणलात?"

तो हसला. "आणि चुलीपाशी चिठ्ठी. समजलं, समजलं. दोन जुड्या द्या. काकडं जास्त घाला."

तो गेल्यावर चंद्रीने रंजनाकडून कोरा कागद मागितला. पुढच्या महिन्यात कंटोली येणार होती. तिच्याबद्दल एका ओळीत काय म्हणता येईल, याचा तिने खडू हातात धरून विचार सुरू केला.